रिकामा केलेला होस्ट

मॅडमच्या मराठीत मी पहिल्याच दिवशी चूक काढली. त्या माझ्या साहेब, कंपनीच्या संगणक विभागाच्या प्रमुख आणि वयानं माझ्या आईहून मोठ्या. मी नगरचा, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात नव्यानं रुजू झालेला. माझे कागद बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "घर सोडून इतक्या लांब कसाला आलांत?"

"कशाला," मी म्हटलं. "'कसाला' नाही, 'कशाला'."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आमचे लोक तंजावरास येऊन तीनशे वर्षें झालीं. तेव्हांपासून कसालाच म्हणतों. आतां तुम्ही आलांत, बदलून घेऊं."

त्या इतक्या सौम्यपणे बोलल्या की मी खरोखर मान डोलावली. हा टोमणा होता हे मला संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये, एन्नोरच्या पुढे कुठेतरी कळलं.

ही गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. आमचा कारखाना गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवायचा आणि ते भाग मोठ्या गाडी कंपन्यांना दिवसभर ट्रकमधून जात असायचे. संगणकांची खोली म्हणजे पूर्वीचं एक गोदाम. तिथे निरनिराळ्या वर्षी घेतलेले पंधरा-वीस सर्व्हर एकमेकांना टेकून उभे असत. एकावर हजेरी, एकावर पगार, एकावर भांडार, एकावर डिस्पॅच, म्हणजे माल बाहेर पाठवण्याचा प्रोग्रॅम. यातला एखादा बिघडला की त्याचा सुटा भाग मिळेपर्यंत तेवढं काम ठप्प. त्यामुळे कंपनीनं तीन दणकट नवे सर्व्हर आणि एक सामायिक स्टोरेज घेतलं होतं, आणि ते उभं करायला मला बोलावलं होतं.

काम थोडक्यात असं. त्या तीन मोठ्या सर्व्हरना होस्ट म्हणायचं. जुन्या पंधरा-वीस मशिनींची जशीच्या तशी नक्कल करून त्या आभासी मशीन म्हणून या तीन होस्टवर चालवायच्या. त्यांच्या डिस्क सगळ्या त्या सामायिक स्टोरेजवर, त्यामुळे कुठलीही मशीन कुठल्याही होस्टवर चालू शकते. मग तिघा होस्टचा एक क्लस्टर करायचा आणि त्याच्या दोन सोयी सुरू करायच्या. पहिली: एखादा होस्ट मेला तर त्याच्यावरच्या मशीन उरलेल्या दोघांवर पुन्हा सुरू करणं. दुसरी: एका होस्टवर भार जास्त आणि दुसऱ्यावर कमी झाला तर चालू मशीनच उचलून इकडून तिकडे नेणं, तीही बंद न करता.

दुसरी सोय पहिल्यांदा चालताना पाहिली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. हजेरीची मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर गेली आणि त्याच वेळी शेजारच्या खिडकीत मी तिला सारखा विचारत होतो, आहेस का, आहेस का. तिनं जेमतेम एका हाकेला ओ दिली नाही. तेवढंच. दारात कार्ड लावणाऱ्या कामगारांना पत्ताही नव्हता.

त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं अवघड झालं असावं. तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये मी राहायचो, म्हणजे एकट्या पुरुषांना खोल्या भाड्यानं देणाऱ्या इमारतीत. खोलीत आम्ही तिघं. एक विम्याची कागदपत्रं बघणारा, एक वाहनांच्या रंगाच्या कारखान्यातला. दोघेही मला रोज क्लस्टरबद्दल काही विचारत नसत आणि मी रोज सांगत असे. रंगवाल्यानं एकदा फक्त एवढंच म्हटलं, "हे सगळं आपोआप होतं, तर तुला पगार कशाचा?" त्यावर मी जे उत्तर दिलं ते इतकं लांब होतं की तो मध्येच अंघोळीला गेला.

भार वाटणाऱ्या त्या सोयीत एक सरकपट्टी असते. एका टोकाला सावध, दुसऱ्या टोकाला आक्रमक. सावध ठेवली तर फार गरज असेल तरच मशीन हलवते. आक्रमक ठेवली तर जरासा फरक दिसला तरी हलवते. आणि हे सगळं आधी विचारून करायचं की परस्पर, तेही ठरवता येतं. मी पट्टी पार आक्रमक टोकाला नेली आणि परस्पर करायची मुभा दिली. कारण विचाराल तर खरं कारण एकच, मला मशिनी हलताना बघायला आवडायचं. दर पाच मिनिटांनी ती सोय भाराचा अंदाज घ्यायची आणि पडद्यावर एखादी ओळ उमटायची, अमुक मशीन तिकडे गेली. मी डबा खाताना ते बघत बसायचो.

मॅडम एकदा मागे येऊन उभ्या राहिल्या. "हें इतकें कसाला फिरतें?"

"भार समान ठेवतंय."

"सकाळपासून हजेरीची मशीन तीन वेळां फिरली. तिला काय भार? सकाळीं लोक आले, आतां संध्याकाळपर्यंत ती रिकामीच."

"मॅडम, ते हुशार आहे," मी म्हटलं. "आपण त्यात लक्ष घालायची गरज नाही."

त्या बरं म्हणून निघून गेल्या. मॅडमचं 'बरं' तीन प्रकारचं असायचं, हे मी पुढे शिकलो. हे तिसऱ्या प्रकारचं होतं.

सगळ्या मशिनी नव्या क्लस्टरवर गेल्यावर कारखान्याच्या मुख्य साहेबांनी एक बैठक घेतली. ते तमिळ, उंच, नेहमी पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालणारे. बोलायचे इंग्रजीत, इथे त्यांचं बोलणं मी मराठीत देतो आहे. त्यांनी मला विचारलं, "या तिघांतला एक बंद पडला तर काय होईल?"

मी उभा राहिलो. उभं राहायचं काही कारण नव्हतं.

"सर, त्याच्यावरच्या मशिनी आपोआप दुसरीकडे चालू होतात. कोणाला कळणारसुद्धा नाही."

हे वाक्य मी पुरेसा विचार न करता बोललो. आता कोणी प्रशिक्षणाला बसलं की मी त्यांना पहिला प्रश्न हाच विचारतो, या दोन सोयींत फरक काय? चालू मशीन उचलून नेता येते ती होस्ट जिवंत असतो म्हणून. तिची स्मृती एका होस्टकडून दुसऱ्याकडे पोचवली जाते. होस्टच मेला तर पोचवणार कोण? अशा वेळी तिथल्या मशिनीही त्याच क्षणी मरतात. क्लस्टर त्यांना दुसऱ्या होस्टवर पुन्हा सुरू करतो, बटण दाबून संगणक सुरू करावा तशा, आणि त्या पहिल्यापासून सगळं सुरू करत वर येतात. माणसांना कळतं. चांगलंच कळतं. मला हे माहीत होतं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण हजेरीची मशीन ज्या ऐटीत इकडून तिकडे गेली ते बघून माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकच होऊन बसल्या होत्या.

"कोणालाच कळणार नाही?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर."

"मग मला दाखव."

बैठकीतून बाहेर पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "दाखवायचें तर रविवारीं दाखवा. कारखाना बंद."

"रविवारी साहेब नसतात, मॅडम. आणि बंद कारखान्यात दाखवलं तर त्यांना वाटेल, यात काय विशेष."

त्यांनी थोडा विचार केला. "डिस्पॅच दुपारीं चालतें. त्याला हात लावायचा नाहीं."

"नाही लावणार. मी एक होस्ट रिकामा करून ठेवतो. त्यावर फक्त एक चाचणीची मशीन ठेवतो. तेवढाच होस्ट बंद करायचा. बाकी कोणाला धक्का नाही."

"हें चालेल," त्या म्हणाल्या. खरंच चालण्यासारखं होतं. पुढे जे झालं ते लक्षात घेऊनही मला वाटतं की बेत चांगलाच होता.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी तिसऱ्या होस्टवरच्या सगळ्या मशिनी हातानं उचलून पहिल्या दोघांवर नेल्या. तिसऱ्यावर एकच चाचणीची मशीन ठेवली. तिच्या पडद्यावर मी मोठ्या अक्षरात घड्याळ चालवलं होतं, म्हणजे मशीन चालू आहे की नाही ते साहेबांना दिसेल. दोनदा खात्री केली. तिसऱ्या होस्टवर एक मशीन. मग मी जेवायला गेलो.

मेसमध्ये त्या दिवशी वत्तकुळंबू, म्हणजे चिंचेची दाट आमटी होती. मी ताकभात वाढून घेताना डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला सांगितलं की दुपारी येऊन बघ, असं पुन्हा बघायला मिळणार नाही. माझं हे म्हणणं खरं ठरलं. फक्त वेगळ्या अर्थानं.

जेवून मी थेट साहेबांच्या खोलीकडे गेलो. ते फोनवर होते. मी बाहेर थांबलो. मग ते आले, मॅडम आल्या, डेटाबेसवाला आला आणि आम्ही चौघं सर्व्हरच्या खोलीत शिरलो. मी चाचणीच्या मशीनचं घड्याळ समोर आणलं. क्लस्टरची यादी बघितली नाही. सकाळी बघितली होती ना.

तिकडे काय झालं होतं ते आता सांगतो. एक होस्ट जवळजवळ मोकळा आणि उरलेले दोन तुडुंब भरलेले, हे दृश्य त्या भार वाटणाऱ्या सोयीला दिसलं. पट्टी आक्रमक टोकाला, मुभा दिलेली. मी जेवत होतो तेवढ्यात तिनं आपलं काम केलं. दुपारी सगळ्यात जास्त भार कशावर असतो? डिस्पॅचवर. तेव्हा तिनं डिस्पॅचचा प्रोग्रॅम चालवणारी मशीन आणि त्याच्या डेटाबेसची मशीन अशा दोन्ही, वर आणखी तीन-चार, माझ्या त्या रिकाम्या होस्टवर नेऊन ठेवल्या. सकाळभर मी ज्याला मोकळा करत होतो तो होस्ट मीच मशिनींनी भरायला मोकळा करून दिला होता. बंद करण्यापूर्वी तासभर ती सोय फक्त सुचवण्यापुरती ठेवायची, दोन टिचक्या, एवढंच करायला हवं होतं.

मी मागच्या बाजूला गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "सर, आता मी होस्ट मारतो आहे." एक वायर ओढली.

पंख्यांचा आवाज वाढला. घड्याळ चालूच राहिलं.

"काही झालं नाही," साहेब म्हणाले.

"बघितलंत सर? कळलंसुद्धा नाही," मी म्हणालो.

मग माझ्या लक्षात आलं की या सर्व्हरला वीज दोन वायरींनी मिळते, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. म्हणजे मी अजून काहीच केलेलं नव्हतं. मागून मॅडमच्या खोकल्याचा आवाज आला. मी दुसरीही ओढली.

आता पंखे थांबले आणि घड्याळ गोठलं. खोलीत एका मशीनची घरघर कमी झाली, तेवढी जाणवली. उरलेल्या दोन होस्टना पंधरा सेकंदांनी खात्री झाली की तिसरा हाकेला उत्तर देत नाही, आणि त्यांनी त्याच्यावरच्या मशिनी सुरू करायला घेतल्या. पडद्यावर ओळी येऊ लागल्या. मी बोट ठेवून वाचून दाखवायला सुरुवात केली.

"ही बघा सर, चाचणीची मशीन चालू होते आहे. आणि ही..."

पुढचं नाव डिस्पॅचचं होतं. त्याच्या खाली डेटाबेसचं.

मी बोट तिथेच ठेवलं. ते काढलं असतं तर साहेबांना ओळ दिसली असती.

"ही काय?" साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. तो मॅडमनी घेतला. पलीकडून डिस्पॅचचे सुपरवायझर होते. त्यांचा आवाज इतका मोठा की फोन कानाला लावायची गरज नव्हती. "मॅडम, सिस्टम पोच्चु." म्हणजे गेली. तोवर मला तमिळ फार येत नव्हतं, पण हा शब्द येत होता.

"कळलं म्हणायचं," साहेब म्हणाले.

मी धीर धरून सांगितलं की दोन-तीन मिनिटांत सगळं परत येईल. आणि खरंच, क्लस्टरनं त्याच्या वाट्याचं काम चोख केलं. सगळ्या मशिनी उरलेल्या दोघांवर उभ्या राहिल्या. एक होस्ट गेला तरी बाकीच्यांवर सगळं मावेल एवढी जागा राखायची, असं मीच ठरवून दिलं होतं, आणि ती जागा पुरली. डेटाबेसही सावरला, अर्धवट राहिलेली नोंद त्यानं टाकून दिली आणि पुऱ्या झालेल्या नोंदी जशाच्या तशा होत्या. मी साहेबांना हिरव्या खुणा दाखवल्या. सगळ्या हिरव्या.

पुन्हा फोन. मॅडमनी ऐकलं आणि मला म्हणाल्या, "अजून नाहीं आलें."

"आलंय मॅडम. हिरवं आहे."

"इथें हिरवें. तिथें नाहीं."

मी डिस्पॅचच्या मशीनचा पडदा उघडला. तिथे विंडोज शांतपणे नाव आणि पासवर्ड विचारत उभं होतं. आत कोणी गेलेलंच नव्हतं.

हा प्रोग्रॅम पूर्वी गोदामातल्या एका जुन्या सर्व्हरवर होता. ती मशीन सुरू केली की कोणीतरी तिच्यावर लॉगिन करायचं आणि प्रोग्रॅमच्या चित्रावर दोनदा टिचकी मारून तो सुरू करायचं. मग ती खिडकी तशीच उघडी राहायची, दिवसेंदिवस. मी त्या मशीनची नक्कल करून ती क्लस्टरवर आणली, पण मशीन सुरू होताच प्रोग्रॅम आपला आपण सुरू व्हावा अशी व्यवस्था केली नव्हती. क्लस्टरनं मशीन सुरू केली. आतल्या चित्रावर टिचकी मारणं त्याचं काम नव्हतं.

"पासवर्ड?" मी विचारलं. तो माझ्याकडे लिहिलेला असायला हवा होता. डेटाबेसवाल्यानं तो पाठ म्हणून दाखवला. त्याची आधीची दोन वर्षं डिस्पॅचच्या तक्रारी सोडवण्यात गेली होती. मी आत शिरलो, टिचकी मारली. प्रोग्रॅम उघडला आणि एक चौकोन आला, डेटाबेस सापडत नाही.

डेटाबेसची मशीन सुरू झाली होती. आतला डेटाबेस अजून उठत होता. मी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा चौकोन. साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. मी तिसऱ्यांदा मारली, चौथ्यांदा मारली, शेवटी डेटाबेसवाला म्हणाला, "थोडा वेळ हात काढ ना." मी हात मांडीवर ठेवून बसलो. थोड्या वेळानं त्यानं मान डोलावली, मी टिचकी मारली आणि प्रोग्रॅम उघडला.

फोनवर सुपरवायझरांचा आवाज आला, "वंदुरुच्चु." आली.

साहेबांनी घड्याळ बघितलं नाही, हे मला आठवतं. ते शांतपणे म्हणाले, "दुपारच्या वेळी हे करायची परवानगी कोणी दिली?"

मी तोंड उघडलं, पण मॅडम आधी बोलल्या. "मी दिली."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दोघांनी या कंपनीत एकत्र पंचवीस वर्षं काढली होती. नुसत्या नजरेत बरंच बोलणं होत असे. मग ते माझ्याकडे वळले.

"तू डिस्पॅच कधी बघितलं आहेस?"

"मशीन बघितली आहे सर."

"डिस्पॅच."

"नाही सर."

"उद्यापासून तुझं टेबल तिकडे. महिनाभर. कोणाला काय कळतं ते बघ."

ते गेल्यावर मी मॅडमना म्हणालो की त्यांनी माझं ओझं स्वतःवर घ्यायला नको होतं.

"कुठलें ओझें? परवानगी मीच दिली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलांत, मी हो म्हटलें. खोटें काय त्यांत?" मग खुर्चीत बसून त्या हसायला लागल्या. मघापासून दाबून धरलेलं हसू होतं ते. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "ती पहिली वायर ओढलीत तेव्हां काय म्हणालांत? पुन्हा म्हणा जरा."

मी ओढलेल्या वायरी परत लावायला गेलो. पुढचे कित्येक महिने त्या अधूनमधून ते वाक्य मला माझ्या आवाजात म्हणून दाखवायच्या, नगरच्या हेलासकट.

डिस्पॅचची खोली म्हणजे एक पत्र्याची शेड, एका बाजूला फाटक, बाहेर ट्रकांची रांग. माझं टेबल सुपरवायझरांच्या शेजारी. ते जाडजूड, मिशाळ, फार मोठ्यानं बोलणारे, आणि पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याशी मोठ्यानं न बोलण्याचं ठरवलेलं दिसलं. माझ्यासमोर फिल्टर कॉफी ठेवून त्यांनी तुटक इंग्रजीत विचारलं, "सार, तुम्हीच ते ऑटोमॅटिक?"

तेच माझं नाव पडलं. ऑटोमॅटिक सार. ट्रकवालेही म्हणायला लागले.

तिथे बसल्यावर कळलं की प्रत्येक ट्रकला गाडीच्या कारखान्यात पोचायची ठरलेली वेळ असते. तिकडे त्यांची जुळणीची साखळी चालू असते आणि ब्रेक वेळेवर आले नाहीत तर ती थांबायची वेळ येते. ट्रक भरला तरी प्रोग्रॅममधून चिठ्ठी निघाल्याशिवाय फाटक उघडत नाही. त्या दुपारी पाच ट्रक चिठ्ठीशिवाय फाटकाला अडकले होते. एक ड्रायव्हर खाली उतरून चाकाच्या सावलीत झोपला; त्याला उठवायला नंतर वेळ लागला, असं सुपरवायझरांनी सांगितलं. बाकीचे हॉर्न वाजवत होते. हे सगळं चालू असताना मी वर थंड खोलीत बोट ठेवून ओळ झाकत होतो.

मी तिथे 'कोंजम इरुंग' म्हणायला शिकलो, जरा थांबा. हे इतक्या वेळा म्हणावं लागलं की मॅन्शनमध्ये झोपेतही म्हणालो, असं विमावाल्यानं सांगितलं.

तिथून बसल्या बसल्या मी सगळं नीट करत गेलो. सरकपट्टी मधोमध आणली. डिस्पॅचचा प्रोग्रॅम मशीन सुरू होताच आपला आपण चालू होईल असा केला. मशिनी पुन्हा सुरू करताना कोणती आधी, याचा क्रम ठरवता येतो. तोवर मी सगळ्यांना सारखंच ठेवलं होतं. आता डेटाबेस सर्वांत आधी. पण हा क्रम म्हणजे फक्त मशीन आधी चालू करणं. आतला डेटाबेस उठून बसला का, हे क्लस्टर बघत नाही. म्हणून डेटाबेसवाल्यानं प्रोग्रॅमलाच शिकवलं की तो सापडला नाही तर चौकोन दाखवून बसू नकोस, थोड्या थोड्या वेळानं पुन्हा विचार. लॉगिन तपासणाऱ्या दोन मशिनी होत्या. एकीला काही झालं तर दुसरी असावी म्हणून दोन. त्यांना कधीही एका होस्टवर ठेवू नये असा नियम घातला. हा नियम नसताना मी इतके महिने काय समजून निश्चिंत होतो, कोण जाणे.

मग एका रविवारी, कारखाना बंद असताना, आम्ही पुन्हा होस्ट बंद केला. या वेळी मुद्दाम भरलेला. साहेब आले नाहीत. सुपरवायझर मात्र सुट्टी असून आले, लुंगी नेसून, आणि आपल्या पडद्यासमोर बसले. पडदा अडकला. ते शेजारी ठेवलेली कॉफी घेऊन बाहेर गेले, परत आले तोवर प्रोग्रॅम उघडलेला होता. त्यांनी फोन करून कळवलं. मॅडमनी फोन ठेवला. "झालें," त्या म्हणाल्या, "चला, मी दहीवडा आणलाय."

महिना संपल्यावर मी वर परत गेलो, पण जेवायला डिस्पॅचमध्येच जात राहिलो. तिथले लोक क्लस्टरबद्दल काही विचारत नसत आणि मीही आता सांगत नसे. आम्ही ड्रायव्हर लोकांच्या सोयरिकींबद्दल बोलायचो. माझं तमिळ सुधारलं, म्हणजे सुपरवायझर हसायचे ते आता शब्दांना नाही, उच्चारांना.

त्या वर्षाच्या शेवटी बहिणीच्या लग्नासाठी मी आठवडाभर नगरला गेलो. जाताना मॅडमकडे चार पानांच्या सूचना देऊन गेलो: अमुक झालं तर अमुक करा, तमुक झालं तर मला कधीही फोन करा. लग्नात खिशात फोन, दर थोड्या वेळानं काढून बघायचो. आईनं विचारलं, एवढं काय? मी म्हटलं, तिकडचं सगळं माझ्यावर आहे.

हळदीच्या दिवशी फोन आला. मॅडमचा. मी मांडवाच्या मागे गेलो.

"लग्न कसें चाललें?" त्यांनी विचारलं.

"चांगलं. तिकडे सगळं ठीक?"

"हो हो. दुसरा होस्ट गेला."

"गेला? म्हणजे?"

"मदरबोर्ड. परवां दुपारीं. कंपनीचा माणूस उद्यां येतो."

"परवा?" मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की हळकुंड कांडणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. "मॅडम, मला फोन का नाही केलात?"

"कसाला करायचा? सगळें दुसरीकडे चालूं झालें. डिस्पॅचला जरा थांबावें लागलें, त्यांनी कॉफी प्यायली. मी आतां तुम्हांला वधूची साडी कुठली ते विचारायला फोन केलाय. आमच्यांत अजून नऊवारीच नेसवतात. तुमच्याकडे?"

मी सांगितलं की बहिणीनं पैठणी ठरवली आहे, पाचवारी. त्यांना ते फारसं पटलं नाही. मग त्यांनी हळदीला काय काय केलं ते बारकाईनं विचारून घेतलं, त्यांच्याकडे तंजावरात कसं करतात ते सांगितलं, आणि बऱ्याच वेळानं फोन ठेवला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्या आधी थोडा राग आला. आपल्यावाचून दोन दिवस सगळं सुरळीत चाललं आणि कोणाला माझी आठवणसुद्धा झाली नाही, म्हणून. आईनं हाक मारली, मी आत गेलो. मामानं माझ्या दोन्ही गालांना हळद फासली आणि मी फोन बंद करून ठेवला.